कच्च्या अंड्याचा पांढरा भाग: बायोटिनचा हिशोब वेगळा, साल्मोनेलाचा वेगळा

प्रश्न: वय २३, पोलीस भरतीची तयारी चालू आहे. ग्राउंडवरून आलो की सहा अंड्यांचा पांढरा भाग दुधात फेटून कच्चाच पितो, बलक टाकून देतो. तीन महिने झाले. आता केस गळतायत. एकजण म्हणाला कच्च्या अंड्याने बायोटिन कमी होतं. मग १० मिलीग्रॅमची बायोटिनची गोळी चालू करून अंडी अशीच कच्ची घेतली तर चालेल का? आणि साल्मोनेलासाठी दूध गरम ओतलं किंवा दुधाऐवजी पाण्यात लिंबू पिळून घेतलं तर भागेल ना?

उत्तर: गोळीने यातली एक अडचण, म्हणजे बायोटिन या जीवनसत्त्वाची, कागदावर तरी सुटते. दुसरी साल्मोनेला या जुलाबाच्या जंतूची, तिला ती हातही लावत नाही. गरम दुधाने आणि लिंबाने दोन्हींपैकी एकही सुटत नाही. तेव्हा अंडी उकडायला लागा. पण नुसतं ‘शिजवून खा’ म्हणून तुमचं समाधान होणार नाही, हे मला माहीत आहे. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं भरतीची नाहीतर तालमीतली असतात आणि प्रत्येकाला कोणीतरी वस्तादाने सांगितलेलं असतं की ताकद कच्च्यातच असते. म्हणून कारणांसकट लिहितो.

आधी अ‍ॅव्हिडिन. हे पांढऱ्या भागातलं एक प्रथिन. पिल्लू वाढेपर्यंत अंड्यात जंतू माजू नयेत म्हणून कोंबडी त्यात जी बचावाची तजवीज करून ठेवते, त्यातलं हे एक. जंतूंना वाढायला बायोटिन लागतं आणि अ‍ॅव्हिडिन ते धरून ठेवतं. अ‍ॅव्हिडिनच्या एका रेणूवर बायोटिन धरायच्या चार जागा असतात आणि पकड इतकी घट्ट की पोटातलं आम्ल आणि आतड्यातले पाचकरस यांनाही ती सहसा सुटत नाही. त्यामुळे जेवणातलं बायोटिन पोटात पोचतं, पण अ‍ॅव्हिडिनच्या हातात सापडून तसंच बाहेर पडतं. जंतूंसाठी लावलेल्या सापळ्यात आपण सापडतो, इतकंच.

आता तुमच्या ग्लासाचा हिशोब मांडू. एका अंड्याच्या पांढऱ्यात साधारण दीड ते दोन मिलीग्रॅम अ‍ॅव्हिडिन असतं. एक मिलीग्रॅम अ‍ॅव्हिडिन जास्तीत जास्त १४ मायक्रोग्रॅमच्या आसपास बायोटिन धरू शकतं. म्हणजे एक पांढरा भाग सुमारे २५ मायक्रोग्रॅम आणि सहा मिळून १५० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला पुरेसं धरलेलं प्रमाण आहे ३० मायक्रोग्रॅम. एका अख्ख्या अंड्यात जे १० मायक्रोग्रॅमच्या आसपास बायोटिन असतं, ते जवळजवळ सगळं बलकात, आणि बलक तुम्ही टाकून देता. थोडक्यात, बायोटिन खाणारं घटक ठेवलंत आणि देणारं फेकलंत.

हा आकडा बघून घाबरून जाऊ नका. १५० ही कमाल क्षमता झाली. रोज तेवढं बायोटिन तुमच्या अंगातून काढून घेतलं जातं असा त्याचा अर्थ नाही. सकाळी सहाला प्यालेल्या अ‍ॅव्हिडिनची गाठ रात्रीच्या जेवणातल्या सगळ्या बायोटिनशी पडतेच असं नाही. शिवाय शरीर वापरलेलं बायोटिन सोडवून पुन्हा वापरतं, त्यासाठी एक खास एन्झाइमच असतं. म्हणून ही कमतरता एका दिवसात येत नाही, आठवड्यांनी आणि महिन्यांनी येते. बाकीचं जेवण कसं आहे यावरही बरंच अवलंबून. शेंगदाणे, डाळी, अंड्याचा बलक, मांसाहार पोटात जात असेल तर वेगळं, आणि ‘डाएट’ म्हणून दोन चपात्या आणि काकडीवर दिवस काढत असाल तर वेगळं.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून जुना इतिहास थोडा सांगतो. १९२७ साली लंडनमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना प्रथिन म्हणून वाळवलेला कच्चा पांढरा भाग खाऊ घातला. उंदरांची कातडी सोलवटली, केस झडले. तोच पांढरा भाग शिजवून दिला की काही होत नसे. यात बायोटिन बांधणारं प्रथिन आहे हे कळायला १९४० उजाडावं लागलं. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात सायडनस्ट्रिकर यांच्या गटाने मोजक्या माणसांवर प्रयोग केला. जेवणातल्या ३० टक्के कॅलरी वाळवलेल्या कच्च्या पांढऱ्यातून आणि बाकी आहारही बायोटिन कमी असलेला. तीन-चार आठवड्यांत कातडीचे पापुद्रे निघायला लागले, पुढे अंग दुखणं, मरगळ, उदासी, भूक मरणं. रोज बायोटिन टोचल्यावर काही दिवसांत सगळे सावरले. आता ३० टक्के म्हणजे किती? २,००० कॅलरींच्या जेवणात ६०० कॅलरी, आणि एका पांढऱ्यात जेमतेम १७. म्हणजे दिवसाला ३५ अंड्यांचा पांढरा भाग. तुम्ही सहा घेता. कधीतरी हाफ फ्राय खाणाऱ्याने या भानगडीत डोकंही घालू नये. पण रोज सहा, महिनोनमहिने, बलकाशिवाय, तेही वजन उतरवत असताना, हे दुर्लक्ष करण्याजोगं नाही. लक्षणं दिसायच्या बरंच आधी, काही आठवड्यांतच, अशा आहाराने लघवीतली काही आम्लं वाढलेली सापडतात. बायोटिनवर चालणारी एन्झाइम्स मंदावल्याची ती खूण असते.

मग तुमचे केस त्यानेच गळतायत का? तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून मला तरी तसं ठाम वाटत नाही. बायोटिनच्या खऱ्या कमतरतेत केस एकटे जात नाहीत. डोळे, नाक, तोंड यांच्या कडेला लालसर खवलेदार पुरळ येतं, नखं ठिसूळ होतात, हातापायांना मुंग्या येतात, माणूस मलूल होतो. आरशात तोंडाचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या कडा नीट बघा. तिथे काही नसेल तर आधी दुसरीकडे शोधा. भरतीच्या मुलांमध्ये मला सगळ्यात जास्त दिसतं ते झपाट्याने वजन उतरवणं. असं वजन उतरवलं किंवा डेंगीसारखा मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने येतात आणि पुढे आपोआप थांबतात. तुमचे तीन महिने त्यात अगदी चपखल बसतात. त्याखालोखाल लोह कमी असणं, बी १२ कमी असणं, थायरॉइड. आणि घरात वडिलांना-मामांना लवकर टक्कल पडलं असेल तर तेही धरा.

गोळीकडे येतो. १० मिलीग्रॅम म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. तुमच्या ग्लासातलं सगळं अ‍ॅव्हिडिन भरून उरलं तरी ढिगाने बायोटिन शिल्लक राहील. म्हणून म्हणालो, कागदावर सुटते. पण या गोळीची एक मेख आहे जी औषधाच्या दुकानात कोणी सांगत नाही. रक्तातल्या हार्मोनच्या बऱ्याच तपासण्या बायोटिन आणि स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन या जोडीच्या पकडीवर बेतलेल्या असतात. स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन हे अ‍ॅव्हिडिनसारखंच काम करणारं, पण जिवाणूंपासून मिळणारं प्रथिन. रक्तात गोळीचं बायोटिन भरपूर असलं की ते मध्येच घुसतं आणि रिपोर्ट चुकतो. अशा पद्धतीत टीएसएच खोटा कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त येऊ शकतात, म्हणजे थायरॉइड वाढल्याचं हुबेहूब चित्र. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं, जे जास्त वाईट. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

माझ्याकडे एक पैलवान असाच रिपोर्ट घेऊन आला होता. केस गळतात म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून १० मिलीग्रॅमची गोळी, आणि केस गळतात म्हणूनच थायरॉइडची तपासणी. टीएसएच जवळपास शून्य, टी-४ वर. पण माणूस शांत, नाडी संथ, वजन घटलेलं नाही, हात थरथरत नाहीत. थायरॉइड वाढलेला माणूस असा दिसत नाही. गोळी बंद करून आठवड्याने पुन्हा रक्त दिलं, सगळं नॉर्मल. मधल्या काळात घरच्यांची झोप उडाली ती उडालीच. तुम्ही केसांसाठी तपासण्या करणार असाल तर गोळी आधी किमान दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबमध्ये व डॉक्टरांना ‘बायोटिन चालू होतं’ असं आपणहून सांगा. तुमची अंडी उकडलेली असतील तर गोळीची गरजच उरत नाही.

आणि ज्या प्रथिनासाठी हा सगळा खटाटोप, त्याचंही ऐका. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये लहान आतड्याच्या शेवटी किती प्रथिन न पचता पोचतं हे माणसांत मोजलं. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं सुमारे ५१ टक्के. कच्च्या पांढऱ्यात पाचकरस अडवणारे घटक असतात आणि प्रथिनांच्या घड्याही न उलगडलेल्या असतात. तुमच्या सहा पांढऱ्यांत अंदाजे २१ ग्रॅम प्रथिन. कच्चं घेतलंत तर ११ ग्रॅमच्या आसपास पदरात पडतं, उकडलंत तर १९. म्हणजे रोज जवळजवळ अडीच अंड्यांचे पैसे वाया जातात. वस्तादांना हा हिशोब दाखवा, बायोटिनपेक्षा लवकर पटतो.

आता साल्मोनेला. याचा अ‍ॅव्हिडिनशी काही संबंध नाही आणि त्याचं गणितही उलटं चालतं. अ‍ॅव्हिडिनला रोजची मात्रा आणि महिने लागतात. साल्मोनेलाला एकच अंडं पुरतं. तुम्ही तीन महिने पिऊन ठणठणीत आहात यावरून पुढच्या ग्लासाबद्दल काहीही कळत नाही.

हा जंतू अंड्यात दोन वाटांनी येतो. एक, कवचावर लागलेल्या विष्ठेतून, फोडताना आत पडून किंवा तडे गेलेल्या जागेतून. दुसरी वाट लोकांना माहीत नसते. साल्मोनेला एन्टरायटिडिस हा प्रकार कोंबडीच्या अंडाशयात आणि अंडनलिकेत राहू शकतो, म्हणजे कवच तयार होण्याआधीच तो आत असतो. अंडं स्वच्छ, ताजं, वासाला उत्तम. बाहेरून कसलीही खूण नाही. त्यामुळे पाण्यात बुडवून बघणं किंवा कवच घासून धुणं याचा इथे उपयोग नाही. उलट गार पाण्यात धुऊन ओली अंडी तशीच ठेवली तर कवचावरचा संरक्षक थर जातो आणि घाण छिद्रांतून आत ओढली जाऊ शकते. गावरान अंडं म्हणजे सुरक्षित हीसुद्धा नुसती समजूत आहे. परसातली कोंबडी उकिरड्यावर चरते आणि हा जंतू फार्ममध्ये पसरवण्यात उंदरांच्या लेंड्यांचा मोठा वाटा असतो. उंदीर गावातही असतातच.

ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात हा जंतू सहसा फार वाढत नाही. तिथे त्याला लोह मिळत नाही आणि वातावरणही अल्कधर्मी असतं. पण अंडं जुनं होत जातं, विशेषतः उन्हाळ्यात, तसा बलकाभोवतीचा पडदा सैल पडतो. मग पोषक द्रव्यं बाहेर झिरपतात, जंतू आत शिरतो आणि भराभर वाढतो. आपल्याकडे ट्रे दुकानाबाहेर उघड्यावर असतात. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात चार दिवस तसा ठेवलेला ट्रे आणि डिसेंबरातला ट्रे यांत म्हणूनच फरक आहे. फ्रिज वाढ रोखतो, जंतू मारत नाही. ब्रिटनमधले लोक बिनधास्त अर्धकच्ची अंडी खाताना व्हिडिओत दिसतात, कारण तिथे १९९८ पासून एका शिक्क्याच्या योजनेतल्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लस देतात. त्या शिक्क्याची अंडी गर्भवतींनीही कमी शिजवून खाल्ली तर चालतील, असं तिथल्या अन्न यंत्रणेने २०१७ मध्ये सांगितलं. तुमच्या कोपऱ्यावरच्या ट्रेमागे अशी हमी नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने २०२५ मध्ये वर्षभराची बंदी घातली, ती याच धास्तीने.

गरम दुधाचं काय? मोजून बघू. २५० मिली दूध ८० अंशांचं, म्हणजे ओठ भाजेल असं. त्यात सहा पांढरे भाग, सुमारे २०० ग्रॅम, २५ अंशांचे. दोन्ही मिसळलं की तापमान येतं साधारण ५५ अंश, आणि स्टीलच्या ग्लासात ते लगेच खाली घसरतं. साल्मोनेला मरायला ६० अंशांवर काही मिनिटं किंवा ७० च्या वर काही सेकंद लागतात. अ‍ॅव्हिडिन तर त्याहून चिवट, ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत नीट मोडत नाही. म्हणजे तुमचं गरम दूध दोन्हींच्या खाली राहतं. खूण सोपी आहे: ग्लासात पांढऱ्याच्या घट्ट गुठळ्या झाल्या नसतील, तो अजून चिकट आणि पारदर्शक असेल, तर काहीच शिजलेलं नाही.

लिंबाने पांढरा भाग पांढुरका दिसतो, म्हणून शिजल्यासारखा वाटतो. पण पेल्यात अर्धं लिंबू पिळून लगेच पिण्याने जंतू मरत नाहीत. त्याला बरंच जास्त आम्ल आणि तासन् तास वेळ लागतो.

याच दोन तापमानांमुळे आणखी एक घोळ होतो. बाटलीत मिळणारा पाश्चराइज्ड पांढरा भाग सुमारे ५७ अंशांवर काही मिनिटं तापवलेला असतो. साल्मोनेला जातो, पण अ‍ॅव्हिडिन बहुतेक तसंच राहतं. तेव्हा ‘पाश्चराइज्ड आहे, कितीही प्या’ हे जंतूंपुरतं बरोबर आणि बायोटिनपुरतं चूक. अंड्याच्या पांढऱ्याच्या काही पावडरींचंही असंच. बोआस यांनी वापरला तो पांढरा भागही वाळवलेलाच होता, हे लक्षात ठेवा. पोच्ड आणि दोन मिनिटं उकडलेल्या अंड्यातही अ‍ॅव्हिडिनचा बराच भाग शिल्लक सापडतो.

तुमच्यासाठी करायचं ते असं. रात्रीच अंडी उकडून ठेवा. पाण्याला उकळी आल्यावर अंडी सोडा, १० ते १२ मिनिटं, मग गार पाण्यात. कवचासकट फ्रिजमध्ये ठेवलीत तर सकाळी ग्राउंडवरून आल्यावर सोलून खाता येतात. सहाच्या सहा बलक टाकू नका, दोन तरी खा. गिळायला कोरडं वाटत असेल तर उकडलेले पांढरे भाग दुधात आणि केळ्यात मिक्सरला फिरवा, चव बेताचीच लागते पण पिता येतं. भुर्जी केलीत तर ओलसर चमक जाईपर्यंत परता.

मिक्सर म्हटल्यावर आठवलं, आजवर कच्चं अंडं कशात फेटत होतात? मिक्सरच्या भांड्यात असेल तर पात्याखालची आणि झाकणातली रबरी रिंग काढून बघा. तिथे पांढऱ्याचा वाळलेला पापुद्रा बहुधा सापडेल. त्याच भांड्यात घरात चटणी वाटली जाते, आणि ती चटणी शिजत नाही. तुम्हाला काही झालं नाही तरी घरातल्या लहान पोराला किंवा आजीला होऊ शकतं. रिंग गरम पाण्याने साबण लावून घासा आणि वाळवून बसवा.

कच्चं खाण्यात काही माणसांना धोका फार मोठा असतो: तान्ही मुलं, गर्भवती, म्हातारी माणसं, केमो किंवा स्टेरॉइड चालू असलेले. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांना मुद्दाम सांगतो. सिकलसेल आजारात साल्मोनेला रक्तातून हाडात जाऊन बसतो आणि हाडाचा जंतुसंसर्ग महिनोनमहिने पिच्छा पुरवतो. घरात कोणाला हा आजार असेल तर कच्चं अंडं घरात फोडूच नका.

उकडायला लागण्याआधीच कधी लागलंच, तर सहसा सहा तास ते तीन दिवसांत ताप, पोटात मुरडा, जुलाब सुरू होतात आणि चार ते सात दिवस चालतात. ओआरएस घोटघोट चालू ठेवा आणि उरलेलं अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने गिळू नका, धडधाकट माणसाला बहुतेक वेळा ते लागत नाही. शौचातून रक्त, उतरत नसलेला जोराचा ताप, लघवी कमी होणं किंवा चक्कर यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि ‘कच्ची अंडी पीत होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि हा टायफॉइड नव्हे. टायफॉइडचा साल्मोनेला वेगळा, तो माणसाकडून माणसाकडे येतो, कोंबडीकडून नाही. त्यामुळे यासाठी विडाल करून काही हाती लागत नाही. डॉक्टरांना गरज वाटली तर ते शौचाचं कल्चर करायला सांगतील.

केसांचं म्हणाल तर उकडलेली अंडी, दोन बलक आणि पोटभर जेवण चालू करून तीन महिने थांबा, केसांची चाल तेवढी हळूच असते. त्याआधी एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी १२ आणि टीएसएच करून घ्या. गोळी सुरू केली नसेल तर उद्याच, केली असेल तर ती थांबवून तीन दिवसांनी.